शिवराईवरचा हिरवा आजार : ओळखायचा कसा आणि हात कुठे थांबवायचा

तांब्याचं एखादं नाणं तीनशे वर्षं जमिनीत पडून राहतं आणि त्याला फारसं काही होत नाही. मग ते नांगराला लागतं, कुणाच्या तरी हातून बाजारात येतं, तिथून हौशी संग्राहकाच्या कपाटात जातं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यावर फिकट पोपटी ठिपके उठतात. ठिपका काडीने टोकरला तर भुकटी पडते आणि खाली खड्डा दिसतो. पुसून ठेवलं तरी पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा भुकटी येते. तीन शतकं टिकलेली वस्तू आपल्या डोळ्यांदेखत काही महिन्यांत पोखरली जाते. या प्रकाराला जगभरचे संग्रहालयवाले ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. नावात ब्राँझ असलं तरी तो शुद्ध तांब्यालाही होतो आणि पितळ-काशालाही. आपल्याकडे जुन्या नाण्यांच्या नादात पडलेल्या माणसाची त्याच्याशी गाठ पडते ती बहुधा शिवराईवरच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या काही अभ्यासकांना हा खराखुरा संसर्ग वाटत होता. शेजारीशेजारी ठेवलेल्या वस्तूंवर एकाच सुमारास ठिपके उठत, म्हणून हे सूक्ष्मजंतूंचं काम असावं आणि ते एका वस्तूवरून दुसरीवर जात असावेत, असा त्यांचा तर्क होता. त्याच दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांनी दाखवून दिलं की इथे जंतूचा संबंध नाही. क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीनचा अंश, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी, एवढ्या तिघांत हे घडतं आणि एकदा सुरू झालं की गोल गोल फिरत राहतं. शेजारच्या वस्तूला ‘लागण’ होते असं वाटायचं त्याचं कारणही साधं होतं. एका कपाटातल्या सगळ्या वस्तूंना दमट हवा एकच.

हे चक्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण साफसफाईचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. जमिनीत मीठ असतंच. समुद्रकाठच्या, खाजणाच्या किंवा जिथे गुरं बांधली जात अशा जमिनीत जरा जास्तच. पुरलेल्या नाण्याचा पृष्ठभाग गंजत जातो तसा हा क्लोराइड आत शिरतो आणि धातूला अगदी लागून तांब्याच्या क्लोराइडचा एक थर तयार करतो. थर करड्या रंगाचा, मेणचट असतो. त्याच्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा लालसर थर आणि सगळ्यात वर आपल्याला ओळखीचा हिरवा थर. हे कवच अभंग आहे आणि आत ओल पोचत नाही तोवर आतलं क्लोराइड निपचित पडून असतं. नाणं बाहेर निघालं, कवचाला बारीक चीर गेली, दमट हवा आत शिरली, की ते क्लोराइड पाण्याशी आणि ऑक्सिजनशी संयोग पावून फिकट हिरवी भुकटी बनतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल उघड्या तांब्यावर चढून पुन्हा तांब्याचं क्लोराइड तयार करतं. त्या क्लोराइडची पुन्हा भुकटी, पुन्हा आम्ल. क्लोराइडचा बराचसा भाग असा पुन्हापुन्हा कामाला येतो, आणि प्रत्येक फेरीत आणखी थोडं तांबं खाल्लं जातं. शिवाय तांब्याची अशी भुकटी झाली की ती मूळ धातूच्या सुमारे चौपट जागा मागते. ती आतून रेटते, म्हणून वरचं चांगलं कवच फुगतं, तडकतं आणि त्यावरची अक्षरं घेऊन गळून पडतं.

या चक्राला पाणी लागतं, आणि तेवढंच एक आपल्या हातात आहे. सापेक्ष आर्द्रता साधारण 42 ते 46 टक्क्यांच्या खाली असेल तर आतलं क्लोराइड असूनही ते जवळजवळ थंडावतं. 55 टक्क्यांच्या वर गेली की वेग धरतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती इतकी उतरते की हेच नाणं ठणठणीत वाटतं. त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेलं ‘निरोगी’ नाणं ऑगस्टमध्ये आजारी निघालं तर विकणाऱ्याने फसवलंच असेल असं नाही.

आता ओळखायचं कसं? सगळं हिरवं सारखं नसतं, आणि बहुतेक हिरवं निरुपद्रवी असतं. शिवराई हातात घ्यावी, उजेड तिरपा पडेल असं धरावं आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहावं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरं आणि कडेची ठिपक्यांची माळ दिसते. ही अक्षरं गडद हिरव्या किंवा तपकिरी थरात स्वच्छ उमटलेली असतील, थर गुळगुळीत असेल, नख फिरवल्यावर काही सुटत नसेल, तर तो शांत थर आहे. संग्राहक ज्याला पॅटिना म्हणतात तो हाच, आणि तो नाण्याचं रक्षण करतो. आजारी जागा वेगळी दिसते. तिचा रंग आजूबाजूपेक्षा फिका, पांढुरक्या पोपटीकडे झुकलेला असतो. ती पसरट नसून ठिपक्याठिपक्यांनी असते, आणि बहुधा अक्षराच्या वळणात किंवा कडेच्या खोबणीत बसलेली असते. पोत भुसभुशीत, बांबूच्या टोकदार काडीने हलकेच स्पर्श केला तरी सुटते. खाली खड्डा असतो आणि कधी कधी खड्ड्याच्या तळाशी तो करडा मेणचट पदार्थ भिंगातून दिसतो. तो दिसला की शंका उरत नाही.

फसवणारी हिरवी रूपंही आहेत आणि ती आपल्या घराघरात आहेत. समईच्या, निरंजनाच्या सांदीत जमणारा निळसर हिरवा चिकट थर हा तेला-तुपातल्या आम्लांचा तांब्याशी झालेला साबण असतो. काडीला तो भुकटी म्हणून लागत नाही, मेणासारखा चिकटतो, आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने बराचसा निघतो. जुन्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या आल्बममध्ये वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा, ओशट, चिकट लेप येतो. तो त्या प्लॅस्टिकमधून झिरपलेला असतो. तो ॲसिटोनने जातो. अशी नाणी त्या आल्बममधून त्याच दिवशी बाहेर काढावीत, कारण तेच प्लॅस्टिक आम्लही सोडतं. देवाच्या मूर्तीच्या कानात, बोटांच्या सांध्यांत दिसणारी पांढरट भुकटी पुष्कळदा पॉलिशचा सुकलेला गाळ असते आणि ती पुसल्यावर परत येत नाही.

परत येणं हीच आजाराची खरी खूण आहे. ती पाहण्याची सोपी रीत अशी : सुटी भुकटी मऊ ब्रशने झाडून घ्यावी, नाण्याचा जवळून फोटो काढावा, मग ते काळ्या कागदावर ठेवून झाकून द्यावं. आठवड्याने, पंधरवड्याने पाहावं. काळ्या कागदावर फिकट हिरवे कण पडलेले असतील आणि फोटोत रिकामा दिसणारा खड्डा पुन्हा भरलेला असेल तर आजार चालू आहे. घाई असेल तर नाणं बंद बरणीत ओल्या कापसाच्या शेजारी, कापसाला न टेकवता, एक दिवस ठेवतात. आजारी जागी ताजे ठिपके फुटतात. पण ही परीक्षा म्हणजे आजाराला खाऊ घालणंच आहे. मोलाच्या वस्तूवर ती करू नये असं माझं मत आहे. प्रयोगशाळेत भुकटीचे दोन-चार कण उचलून सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. त्यासाठी पाणी डिस्टिल्डच हवं, कारण नळाच्या पाण्यात क्लोराइड असल्याने तेही साका देतं. आणि साका आला म्हणजे आजार चालूच आहे असंही नव्हे. काही जुने, कडक, शांत हिरवे थरही क्लोराइडयुक्त असतात. म्हणून रसायनापेक्षा भिंग आणि वाट पाहणं यांवर माझा भरवसा जास्त आहे.

इथे आपल्या स्वयंपाकघरातल्या सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंच, लिंबू आणि मीठ लावून घासतो. रोजच्या भांड्याला ते ठीक आहे. त्याला जाड धातू आहे, तो लगेच भरपूर पाण्याने धुतला जातो आणि त्यावर जपण्यासारखं अक्षर नाही. जुन्या नाण्यावर तेच केलं तर लिंबाचं आम्ल हिरवा आणि लाल असे दोन्ही थर विरघळवतं आणि मीठ नेमका तोच क्लोराइड खड्ड्यांत भरतं ज्यामुळे आजार होतो. नाणं तासाभरात गुलाबी, चकचकीत दिसतं. मग लक्षात येतं की ‘शि’ची वेलांटी पुसट झाली आहे आणि कडेचे ठिपके गेले आहेत. ती वेलांटी आता पुन्हा कुणालाच उमटवता येणार नाही. धातू गंजत असताना त्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा गंजाच्या थरातच जपला जातो. टाकसाळीत ठशाखाली उमटलेली रेघ आज धातूत नसते, त्या लालसर-तपकिरी थरात असते. थर विरघळवला की खाली उरतो तो खडबडीत, खाल्ला गेलेला गाभा. व्हिनेगर, बॅटरीचं आम्ल, तारेचा ब्रश, सगळ्यांचा परिणाम थोड्याफार फरकाने हाच.

मग आजारी शिवराईचं करायचं काय? आधी कोरडं करायचं, साफ नंतर. नाणं पॉलिप्रॉपिलिनच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. लिटरभराच्या डब्यात साधारण शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा 40 च्या खाली, जमल्यास 35 च्या आसपास आला आहे याची खात्री करावी. दोन-तीन आठवडे असं राहिलं की आतली ओल निघून जाते. मगच ते बाहेर काढून, भिंगाखाली, बांबूच्या काडीने किंवा बारीक सुईने एकेका खड्ड्यातली फिकी भुकटी टोकरून काढावी. सुई धरायची ती तिरपी, भुकटीवर, थरावर नव्हे. शक्यतो कोरड्या दिवशी, पंधरा-वीस मिनिटं काम करून नाणं परत डब्यात. भुकटी झाडलेला ब्रश दुसऱ्या नाण्याला लावायचा नाही.

आणि हात थांबवायचा तो इथे. फिकी भुकटी संपून खड्ड्याच्या भिंतीला कडक, लालसर तपकिरी थर लागला की त्या खड्ड्यात काम संपलं. तो थर मूळ पृष्ठभागाच्या बरोबरीचा असतो. त्याच्याखाली कणभर गुलाबी तांबं चमकलं तर आपण हद्द ओलांडली आहे. गडद हिरवा थर अक्षरावर थोडा जास्त चढला आहे, रेघ जरा जाड दिसते, म्हणून तो उतरवायला जाऊ नये. वाचता येतंय तोवर तो तिथेच असू द्यावा. मातीचा कठीण कण थराला घट्ट धरून बसला असेल आणि काडीने उठत नसेल तर तोही राहू द्यावा. आणि खड्डा संपतच नाही, भुकटी खालीखाली जातेच आहे, करडा मेणचट पदार्थ मोठ्या भागात दिसतो आहे, असं झालं तर त्याच क्षणी थांबून नाणं कोरड्या डब्यात ठेवावं. पुढचं काम प्रशिक्षित संवर्धकाचं. ते अशा वस्तूला बेंझोट्रायॲझोलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात, सहसा तीन टक्क्यांच्या, भिजवतात. ते तांब्याशी जोडलं जाऊन पातळ रक्षक पडदा तयार करतं. त्यावर राळेचं किंवा मेणाचं आवरण देतात. बेंझोट्रायॲझोल घरात हाताळण्याचं रसायन नाही. आणि ते आतला सगळा क्लोराइड काढून टाकत नाही, फक्त वाट अडवतं. म्हणून उपचार झालेली वस्तूही कोरड्यातच ठेवावी लागते.

थांबायचं कुठे हा प्रश्न संग्रहालयांनाही सहज सुटलेला नाही. चेन्नईच्या, तेव्हाच्या मद्रासच्या सरकारी संग्रहालयात दक्षिणेकडच्या ब्राँझ मूर्तींचा मोठा संग्रह आहे. त्यांतल्या अनेक मूर्ती जमिनीत पुरलेल्या सापडलेल्या. त्या खराब होत होत्या म्हणून 1930 साली तिथे रासायनिक संवर्धनाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि एस. परमशिवन यांनी विजेच्या साहाय्याने मूर्तींवरचे क्षार उतरवण्याचं काम हाती घेतलं. मूर्ती क्षारयुक्त द्रावणात बुडवून तिला ऋण ध्रुवाशी जोडायचं, म्हणजे क्लोराइड बाहेर खेचला जातो आणि गंजाचे थर सैल होऊन निघतात. त्या काळी मोठमोठ्या प्रयोगशाळा हीच वाट चोखाळत होत्या. वस्तू नष्ट होण्यापेक्षा हे बरं, हा त्यांचा हिशेब होता आणि त्या वेळची साधनं पाहता तो मला रास्त वाटतो. पण या पद्धतीत हिरवे-लाल थर जवळजवळ सगळेच जातात, आणि त्यांच्यासोबत थरात जपलेली बारीक कलाकुसरही. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाच टक्के द्रावणात महिनोन्‌महिने भिजवण्याची जुनी पद्धतही अशीच मागे पडली, कारण त्यात थराचा रंग पालटतो आणि धातूवर नवेच निळसर क्षार बसतात. आज आधी दमटपणा आवरला जातो, मग फक्त आजारी जागेला हात लावला जातो.

लोखंडाचं तत्त्व हेच, वागणूक मात्र जास्त कठीण. कोकणातल्या किल्ल्यांवर सापडणारे तोफगोळे पाहावेत. समुद्राच्या मिठात मुरलेला गोळा बाहेर काढून वाळवला की काही महिन्यांत त्याचे कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटू लागतात. चालू गंज भगव्या-नारिंगी रंगाचा, भुसभुशीत असतो. ताजे तडे जातात आणि वस्तूखाली कण पडलेले दिसतात. आत क्लोराइड भरपूर असेल तर दमट हवेत पृष्ठभागावर पिवळसर तपकिरी ओले थेंब येतात आणि सुकल्यावर त्यांचे पोकळ फुगे उरतात. असे थेंब दिसले तर घरगुती उपाय थांबवावा. जमिनीतून निघालेल्या लोखंडाला 40 टक्क्यांचा कोरडेपणा पुरत नाही. आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली, शक्य तर 15 च्या आसपास ठेवावी लागते. शांत गंज काळपट तपकिरी, घट्ट आणि नखाला कडक लागतो, आणि वस्तूचा मूळ आकार याच काळ्या थरात असतो.

घराण्यात टिकलेल्या, कधी न पुरलेल्या तलवारीचा किंवा कट्यारीचा गंज सहसा वरवरचा असतो. तिथे हलकं खनिज तेल लावून मऊ कापडाने सैल भगवा गंज पुसावा आणि खाली काळपट थर लागला की थांबावं. पॉलिशपेपर लावू नये. जुन्या पोलादी पात्यावर पाण्यासारखी लाटालाटांची नक्षी असते ती पृष्ठभागातच उतरलेली असते. मुठीवरचं सोन्याचं कोफ्तगिरीचं काम तर कागदाइतकं पातळ असतं. घासून चकाकी आणली की दोन्ही जातात आणि पातं कुठलंही नवं पातं दिसू लागतं. मुठीत लाकूड, कापड किंवा चामडं असेल तर पाणी लावूच नये. आणि गंजाच्या थरात म्यानाच्या कापडाची वीण उमटलेली दिसली तर तो थर पुराव्याचा आहे. तिथे तेलही नको.

ठेवण्याच्या जागेचा शेवटी विचार करावा. ताज्या लाकडाच्या आणि प्लायवूडच्या पेट्या आम्लाची वाफ सोडतात, लोकरीचं अस्तर गंधकयुक्त वायू देतं. त्यापेक्षा पॉलिथिनच्या पिशव्या आणि आम्लविरहित कागद बरे. नाण्याला उघड्या बोटांनी हात लावू नये, कारण घामात मीठ असतं. ओलावलेलं सिलिका जेल दर काही आठवड्यांनी ओव्हनमध्ये 110 ते 120 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरावं. रंग बदलणारे दाणे सोबत असले की केव्हा तापवायचं ते लगेच कळतं. आणि वस्तू शेतात किंवा पायाभरणीत जमिनीतून निघाली असेल, तर 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तशी वस्तू धुवून, घासून नेऊ नये. तिच्यावरची मातीही अभ्यासकाला उपयोगी असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत ही कामं जाणणारे लोक आहेत, त्यांना विचारता येतं.

तुमच्याकडे एखादी शिवराई असेल तर आज पेटीतून काढा, तिरप्या उजेडात भिंगाने पाहा, फोटो काढा आणि कोरड्या डब्यात ठेवा. काही घासू नका. पुढच्या श्रावणात तोच फोटो शेजारी धरून पुन्हा पाहा.